लघवी केशरी होणं वेगळं, कावीळ होणं वेगळं: टीबी रुग्णाच्या घरच्यांना दिल्या जाणाऱ्या गोळ्यांविषयी

टीबीमुक्त भारत मोहिमेत आता रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही गोळ्या सुरू होतात. सोलापुरातलं विडी घरकुल असो की साखर पेठ, आशाताई यादी घेऊन दारात आल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आजार ह्यांना झालाय, आम्ही कशाला गोळ्या खायच्या?" गोळ्या सुरू झाल्यावर आठवड्याभरात दुसरा प्रश्न येतो: "लघवी लाल झाली, लिव्हर खराब झालं का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण दुसऱ्याचं उत्तर नीट न मिळाल्यानं लोक दोन उलट्या चुका करतात. काही जण निव्वळ रंगाला घाबरून चांगला चाललेला कोर्स सोडतात. काही जण खरोखरची कावीळ "औषधाचा रंग आहे" म्हणत अंगावर काढतात, आणि ही दुसरी चूक जिवावर बेतू शकते. म्हणून या लेखात औषधांची माहिती थोडक्यात आणि यकृताच्या खुणा सविस्तर दिल्या आहेत.

## संसर्ग आहे, आजार नाही

टीबीचा रुग्ण खोकतो तेव्हा जंतू हवेत उडतात. एका खोलीत महिनोन्महिने एकत्र झोपणाऱ्या माणसांच्या फुप्फुसात ते जातातच. अनेकांचं शरीर त्यांना पुरतं मारू शकत नाही, पण त्यांच्याभोवती पेशींचं कडं करतं. कोंडवाड्यात गुरं कोंडावीत तसे हे जंतू आत जिवंत राहतात, फक्त बाहेर पडत नाहीत. याला सुप्त टीबी म्हणतात. अशा माणसाला खोकला नसतो, ताप नसतो, आणि त्याच्यापासून दुसऱ्याला लागणही होत नाही. देशभर 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या सुमारे 31 टक्के लोकांमध्ये असा संसर्ग आढळला.

मग इतक्या सगळ्यांना गोळ्या का देत नाहीत? कारण संसर्ग झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. पण त्यातल्या जवळपास निम्म्यांना तो संसर्गानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत होतो. रुग्णाच्या घरची माणसं नेमकी या दोन वर्षांत असतात. त्यात मधुमेह, कुपोषण किंवा एचआयव्ही असेल तर कुंपण आणखी लवकर सैल होतं. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तर ते मुळातच कच्चं असतं, म्हणून त्यांना आजार नसल्याची खात्री झाली की संसर्गाच्या चाचणीची वाट न पाहता औषध सुरू करतात.

## आधी आजार नाही याची खात्री

हा टप्पा घाईत उरकू नये. घरातल्या प्रत्येकाला चार गोष्टी विचारल्या जातात: खोकला, ताप, वजन घटणं आणि रात्री घाम येणं. मोठ्यांचा छातीचा एक्स-रे काढतात. शक्य असेल तिथं संसर्ग पाहण्यासाठी हातावर सुई टोचून किंवा रक्त घेऊन चाचणी करतात. ती चाचणी संसर्ग आहे की नाही एवढंच सांगते; आजार आहे की नाही हे तिच्यावरून कळत नाही. एखादंही लक्षण असेल किंवा एक्स-रेत काही दिसलं, तर आधी बेडका तपासतात.

कारण असं की सुप्त संसर्गात जंतू मोजके असतात, तेव्हा एक किंवा दोन औषधं पुरतात. आजार झालेल्या फुप्फुसात ते कोट्यवधी असतात. एवढ्या गर्दीत एखाद्या औषधाला न जुमानणारे काही जंतू आधीच असतात. अशा माणसाला नुसत्या प्रतिबंधक गोळ्या दिल्या तर बाकीचे मरतात आणि न जुमानणारे उरून वाढतात. म्हणून सून "मला थोडा खोकला आहे, पण तो विडीच्या तंबाखूच्या धुळीचा" असं म्हणाली, तरी बेडक्याचा रिपोर्ट येईपर्यंत तिच्या गोळ्या सुरू करायच्या नाहीत.

## सहा महिने की बारा आठवडे

जुनी पद्धत म्हणजे आयसोनियाझिड ही गोळी रोज, सहा महिने. ती काम करते, पण धडधाकट माणसानं 180 दिवस गोळी खाणं सोपं नाही. तिसऱ्या महिन्यात डबी फळीवर पडून राहते.

आताच्या कमी मुदतीच्या पद्धती रिफॅम्पिसिन आणि त्याचंच भावंड असलेल्या रिफापेंटिन या औषधांवर उभ्या आहेत. रिफापेंटिन रक्तात जास्त वेळ टिकतं, म्हणून आयसोनियाझिडसोबत ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. असे बारा आठवडे, म्हणजे बारा वेळा. कागदावर याला 3HP लिहितात. दुसरी पद्धत म्हणजे एकटं रिफॅम्पिसिन रोज, चार महिने; ती 4R. मोठ्यांना किलोमागे 10 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त 600 मिलिग्रॅम. लहान मुलांची पद्धत आणि मात्रा वयावर आणि वजनावर ठरते, ती घरी ठरवायची नाही.

कोणती पद्धत द्यायची हे रुग्णाच्या जंतूवरही ठरतं. त्याचा जंतू आयसोनियाझिडला दाद देत नसेल, तर घरच्यांसाठी 4R असतं. रिफॅम्पिसिनलाच दाद देत नसेल तर या दोन्ही पद्धती निरुपयोगी आहेत, तिथं लेव्होफ्लॉक्सॅसिन हे वेगळंच औषध लागतं. म्हणून गोळ्या घेण्याआधी "पेशंटचा रेझिस्टन्सचा रिपोर्ट आला का?" हे जरूर विचारा. माझ्या मते घरच्यांनी विचारायचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि तो फार थोडे जण विचारतात.

घ्यायची रीतही वेगळी आहे. 3HP जेवणासोबत घ्यायचं, कारण पोटात अन्न असलं की रिफापेंटिन जास्त शोषलं जातं. म्हणून सोमवारचा उपवास असेल तर गोळीचा वार सोमवार ठेवू नका. रिफॅम्पिसिनचं उलट आहे. ते शक्यतो रिकाम्या पोटी, जेवणाआधी तासभर. त्यानं फारच मळमळत असेल तर थोडं खाऊन घेतलं तरी चालतं. आठवड्याच्या गोळीचा वार चुकला आणि दोन दिवसांत आठवलं, तर लगेच घ्या आणि पुढचा डोस नेहमीच्या वारी घ्या. त्याहून उशीर झाला तर आठवेल त्या दिवशी घ्या आणि पुढं तोच वार धरा. चुकलेली भरून काढायला दोन डोस एकदम कधीच घ्यायचे नाहीत.

## "एवढ्या गोळ्यांनी लिव्हर जात नाही का?"

ही भीती बिनबुडाची नाही. आयसोनियाझिड यकृतात मोडलं जातं, आणि त्यातून निघणारे काही पदार्थ यकृताच्या पेशींना इजा करू शकतात. काहींच्या शरीरात ही मोडतोड जन्मतःच हळू चालते. वय वाढलं की धोका वाढतो, दारू आणि शिंदीनं तो अजून वाढतो. आधीपासून हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तरीही तेच.

पण कमी मुदतीच्या पद्धतींत हा धोका जुन्या पद्धतीपेक्षा कमी निघाला आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत औषधामुळे यकृताला इजा होण्याचं प्रमाण नऊ महिन्यांच्या रोजच्या आयसोनियाझिडमध्ये 2.7 टक्के होतं, तर आठवड्याच्या 3HP मध्ये 0.4 टक्के. 4R ची नऊ महिन्यांच्या आयसोनियाझिडशी तुलना करणारी, सहा हजारांहून जास्त प्रौढांवरची चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातही यकृताचा त्रास कमी होता आणि कोर्स पूर्ण करणारे शंभरामागे सुमारे पंधरा जास्त होते.

म्हणून प्रत्येकाची रक्ततपासणी आधी करतातच असं नाही. पण ज्याला कधी कावीळ झाली होती, जो नियमित पितो, ज्याला एचआयव्ही आहे, जी बाळंत होऊन तीन महिने झालेले नाहीत, अशांची यकृताची तपासणी गोळ्या सुरू करण्याआधी व्हायला हवी. सध्या कावीळ चालू असेल किंवा रोज भरपूर दारू असेल तर गोळ्या सुरूच करत नाहीत. घरातल्या पुरुषाच्या पिण्याबद्दल आशाताईंसमोर बोलायला सासूबाई लाजतात. ते बाजूला घेऊन का होईना, सांगा. लपवलेली बाटली रिपोर्टमध्ये दिसत नाही, मग तिचं मोल यकृत चुकवतं.

## तीन रंग

आता मुद्द्याचं. रिफॅम्पिसिन आणि रिफापेंटिन ही मुळातच विटकरी-लाल रंगाची औषधं आहेत. ती लघवीतून, घामातून, थुंकीतून, डोळ्यांच्या पाण्यातून बाहेर पडतात आणि तिथं केशरी रंग येतो. यात इजा काही नाही. पांढऱ्या बनियनवर डाग पडतात, कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या रंगू शकतात, एवढंच.

अडचण अशी की सोलापुरात लघवी गडद होण्याची तीन कारणं एकाच घरात एकाच वेळी असू शकतात. एप्रिल-मेच्या उन्हात पॉवरलूमच्या शेडमध्ये दिवसभर घाम गाळणाऱ्याची लघवी पाणी कमी पडल्यानं गडद पिवळी होते. गोळीनं ती केशरी होते. आणि यकृत बिघडलं की ती तपकिरी होते. पहिल्या दोघांत आणि तिसऱ्यात फरक कसा करायचा?

उन्हाची लघवी पाणी पिऊन उतरते. तीन-चार तांबे पाणी पोटात गेलं की दुपारपर्यंत रंग फिका पडतो. भूक शाबूत असते.

गोळीचा रंग गोळीच्या वेळेला बांधलेला असतो. 3HP मध्ये गोळीनंतर काही तासांत केशरी-लाल रंग येतो, आणि पुढचे एक-दोन दिवस उतरत जातो. आठवड्याचे बाकीचे दिवस लघवी नेहमीसारखी दिसते. त्यामुळे 3HP मध्ये गोळी घेऊन चार-पाच दिवस झाल्यावरही लघवी गडद असेल, तर ती औषधाची समजू नका. 4R मध्ये गोळी रोजची असल्यानं रंगही रोजचा असतो, तिथं रंगावरून काही ठरवता येत नाही. बाकीच्या खुणा बघाव्या लागतात.

यकृताच्या लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा, तपकिरीकडे झुकलेला असतो. पाणी प्यायलं तरी तो जात नाही, आणि तो एकटा येत नाही. पित्ताचं जे रंगद्रव्य एरवी आतड्यात उतरतं ते रक्तात साचून लघवीतून बाहेर पडायला लागतं, म्हणून त्याच वेळी संडास फिकट, मातकट होऊ शकते. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसतो. तो दिवसाउजेडी, खिडकीपाशी बघायचा. घरातल्या पिवळ्या बल्बखाली काही कळत नाही. अंगाला खाज सुटू शकते.

## पिवळेपणाच्या आधी येणाऱ्या खुणा

डोळे पिवळे होईपर्यंत थांबलात तर उशीर होतो. यकृत आधी कुरकुरतं ते भुकेवाटे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आवडीनं खाणाऱ्या बाईला ताट समोर आलं की नको वाटतं. फोडणीच्या वासानं मळमळतं. मिश्री लावणाऱ्याला मिश्री, तंबाखू खाणाऱ्याला तंबाखू नकोशी होते. उजवीकडे, बरगड्यांच्या खाली दुखतं किंवा जड वाटतं. आणि काहीही काम न करता अंगातली ताकद गेल्यासारखं होतं.

आपल्याकडे या सगळ्यावर "पित्त झालंय" असं म्हणून सोडून दिलं जातं. फरक काळाचा आहे. गोळीमुळे पोटात ढवळलं तर ते गोळीनंतर तास-दोन तासांत होतं आणि संध्याकाळपर्यंत शमतं. यकृताची मळमळ दुसऱ्या दिवशीही असते, तिसऱ्या दिवशीही असते, आणि 3HP मध्ये गोळी नसलेल्या दिवशीही असते.

3HP मध्ये आणखी एक प्रकार दिसतो: गोळीनंतर काही तासांत ताप, थंडी, अंगदुखी, चक्कर, फ्लूसारखं. बहुधा तिसऱ्या-चौथ्या डोसनंतर. हे यकृताचं नसतं आणि बहुतेकदा दिवसभरात जातं. पण पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. चक्कर येऊन पडणं, दम लागणं किंवा अंगभर गांधी उठणं झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

## एक घर घेऊन बघू

समजायला एक घर धरू. नवरा 45 वर्षांचा, लूमवर कामाला, बेडक्यात टीबी निघालेला. रिपोर्टप्रमाणे जंतू दोन्ही औषधांना दाद देणारा. बायको 40 वर्षांची, घरी विड्या वळते. तिला लक्षणं नाहीत, एक्स-रे साफ, दारू नाही, कधी कावीळ नाही. तिला 3HP सुरू झालं. वजन 48 किलो, म्हणजे दर बुधवारी दुपारच्या जेवणासोबत 900 मिलिग्रॅम आयसोनियाझिड आणि 900 मिलिग्रॅम रिफापेंटिन. दोन्ही औषधं एकत्र असलेल्या 300-300 च्या गोळ्या असतील तर तीन गोळ्या, बारा बुधवार. शिवाय आयसोनियाझिडनं हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून बी-6 जीवनसत्त्वाची गोळी.

पहिले चार बुधवार ठीक गेले. लघवी बुधवारी रात्री केशरी, शुक्रवारी नेहमीसारखी. पाचव्या डोसनंतर मात्र रविवार उजाडला तरी तिला जेवण नको. दोन उलट्या झाल्या. लघवी रविवारीही तपकिरी. शेजारणीनं सांगितलं, "कावीळ आहे, झाडपाल्याचं औषध घे." घरात हा सल्ला देणारं कुणी ना कुणी असतंच. तो ऐकायचा नाही, कारण आधीच दुखावलेल्या यकृतावर आतमध्ये काय आहे ते माहीत नसलेलं आणखी एक औषध पडतं, आणि तपासणीचे दिवसही वाया जातात.

तिनं करायचं ते हे. पुढच्या बुधवारची गोळी घ्यायची नाही. रोजची पद्धत असती तर त्याच दिवशी गोळी बंद. डॉक्टर "थांबवा" म्हणण्याची वाट बघायची नाही, कारण लक्षणं दिसूनही आयसोनियाझिड चालू ठेवणाऱ्यांतच यकृत निकामी होण्याचे प्रकार जास्त होतात. सोमवारी सकाळी महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा सिव्हिलमध्ये जाऊन "टीबीची प्रतिबंधक गोळी चालू आहे" हे आधी सांगायचं, आणि यकृताची रक्ततपासणी मागायची. त्यात एसजीपीटी आणि बिलिरुबिन हे आकडे बघतात.

समजा तिचा एसजीपीटी 168 आला. प्रयोगशाळेची वरची मर्यादा 40 असेल तर हा चौपटीहून जास्त झाला. नियम असा: लक्षणं असतील तर मर्यादेच्या तिपटीला, म्हणजे इथं 120 ला, औषध बंद. लक्षणं नसतील तर पाचपटीला, म्हणजे 200 ला. हिला लक्षणं आहेत, त्यामुळे 168 ला कोर्स थांबतो. काही लक्षण नसलेल्या तिच्या दिराचा एसजीपीटी दुसऱ्या कारणानं काढला आणि तो 70 आला, तर त्याचा कोर्स थांबवायची गरज नाही. पुन्हा तपासत राहायचं.

इथं डॉक्टर आणखी एक गोष्ट बघतील. सोलापुरात नळाला पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतं, ते पिंपात साठवलं जातं. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ अगदी अशीच दिसते. म्हणून तीही रक्तातून तपासली जाते. दोष गोळीचाच असेल असं धरून चालत नाही.

औषध थांबवल्यावर बहुतेकांचे आकडे काही आठवड्यांत उतरतात. त्यानंतर पुन्हा सुरू करायचं की नाही, 3HP की एकटं रिफॅम्पिसिन, हे डॉक्टर ठरवतात. उरलेल्या गोळ्या आपल्या मनानं पुन्हा सुरू करायच्या नाहीत.

## आणखी दोन-तीन शंका

"लहानपणी बीसीजी टोचलीय, मग कशाला?" बीसीजी लहान मुलांना मेंदूच्या टीबीसारख्या गंभीर प्रकारांपासून वाचवते. मोठेपणी फुप्फुसाचा टीबी रोखायला तिचा भरवसा धरता येत नाही.

"सासूबाईंना शुगर आहे, बीपीच्या गोळ्या आहेत, चालेल का?" चालेल, पण सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. रिफॅम्पिसिन आणि रिफापेंटिन यकृताला इतर औषधं लवकर मोडायला लावतात. त्यामुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा असर कमी होऊन साखर वाढू शकते. रक्त पातळ करणाऱ्या आणि एचआयव्हीच्या औषधांची मात्रा बदलावी लागू शकते.

सुनेसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे: माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळ्याही याच कारणानं निकामी होऊ शकतात. कोर्स चालू असेपर्यंत आणि नंतर महिनाभर तांबी किंवा निरोध वापरा. पाळी चुकली असेल तर पुढची गोळी घेण्याआधी सांगा, कारण गरोदरपणात 3HP देत नाहीत.

"ताप आला, डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल?" अधूनमधून एखादी चालते. आयसोनियाझिड चालू असताना दिवसाला तीन-चार, रोजच्या रोज, असं करू नका. तो भार त्याच यकृतावर पडतो.

घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी म्हातारी माणसं असतील तर जेवण नको होणं, तपकिरी लघवी, फिकट संडास, पिवळे डोळे, उजव्या बरगडीखालचं दुखणं या पाच खुणा त्यांच्या भाषेत एकदा सांगून ठेवा, आणि गोळीच्या पाकिटावर लिहून चिकटवा. त्याखाली आशाताईंचा नंबर आणि टीबी कार्यक्रमाची मोफत हेल्पलाइन 1800-11-6666.